आंशिक अपूर्णांकांचा ताळा: एक किंमत घालून, नाहीतर पुन्हा बेरीज करून

भागाकाराचा ताळा आपण चौथीपासून करतो: भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी, भाज्य आला की निश्चिंत. बारावीत इंटिग्रेशन करताना पार्शल फ्रॅक्शन येतात आणि तिथे मात्र A, B, C मिळाले की वही पुढे सरकते. चूक तिथेच झाली असेल तर पुढचे सगळे लॉग आणि सगळी पाने चुकीच्या आकड्यांवर उभी राहतात. इथे ताळा करायला अर्धा मिनिट लागतो, पण तो नेमका कसा करायचा यात एक खोच आहे. बरीच मुले ताळा करतात आणि तरीही चुकीचे उत्तर बरोबर ठरवतात. ते कसे घडते, ते एकाच गणितावर पाहू.

(x² + 7x + 1) / (x³ − 3x + 2)

छेदात x = 1 घातले की शून्य येते, म्हणून (x − 1) हा अवयव. भागून उरलेल्या वर्गपदीचे अवयव पाडले की छेद (x − 1)²(x + 2) असा होतो. एक अवयव दोनदा आला आहे, म्हणून मांडणी अशी:

A/(x − 1) + B/(x − 1)² + C/(x + 2)

दोन्ही बाजूंना छेदाने गुणले की

x² + 7x + 1 = A(x − 1)(x + 2) + B(x + 2) + C(x − 1)²

x = 1 घाला: 9 = 3B, म्हणून B = 3. x = −2 घाला: −9 = 9C, म्हणून C = −1. उरला A. त्यासाठी x² चे सहगुणक जुळवायचे: 1 = A + C.

आता इथे घाईत होणारी चूक करून बघू. C उणे एक आहे हे विसरून 1 मधून 1 वजा केला आणि A = 0 मिळाला. उत्तर लिहिले:

3/(x − 1)² − 1/(x + 2)

A शून्य आला म्हणून शंका यायला हवी, पण येत नाही, कारण असे होऊ शकते हे खरेच आहे. विद्यार्थी शहाणा आहे, तो ताळा करतो. गुणलेल्या समीकरणात A = 0, B = 3, C = −1 ठेवले की उजवी बाजू होते 3(x + 2) − (x − 1)². त्यात x = 1 घातले: 9 − 0 = 9. डावी बाजू 1 + 7 + 1 = 9. जुळले. x = −2 घातले: 0 − 9 = −9. डावी बाजू 4 − 14 + 1 = −9. हेही जुळले. दोन किमती घातल्या, दोन्ही जुळल्या, आणि उत्तर चूक आहे.

का, ते कंसांकडे बघितले की कळते. x = 1 घातल्यावर A आणि C चे कंस शून्य होतात; तिथे फक्त B बोलतो. x = −2 ला फक्त C बोलतो. A च्या कंसात (x − 1) आणि (x + 2) दोन्ही आहेत, त्यामुळे या दोन्ही किमतींना A गप्प असतो. A च्या जागी शून्य लिहा, सतरा लिहा, या ताळ्याला काही फरक पडत नाही. ज्या किमती घालून स्थिरांक काढले, त्याच पुन्हा घालणे म्हणजे साक्षीदाराला त्याचीच साक्ष वाचून दाखवण्यासारखे आहे.

म्हणून पहिला नियम: ताळ्याची किंमत ताजी हवी, म्हणजे स्थिरांक काढताना न वापरलेली. आणि ती गुणलेल्या समीकरणात घालू नका, थेट पहिल्या प्रश्नात आणि शेवटच्या उत्तरात घाला. तिथे छेद शून्य करणारी किंमत तशीही चालत नाही, त्यामुळे चुकून जुनी किंमत वापरण्याची सोयच राहत नाही.

x = 0 घेऊ. डावी बाजू: 1/2. उजवी बाजू, चुकलेल्या उत्तराची: 3/1 − 1/2 = 5/2. नाही जुळत. चूक पकडली. A = 1 + 1 = 2 असे दुरुस्त केल्यावर उजवी बाजू: 2/(−1) + 3/1 − 1/2 = −2 + 3 − 1/2 = 1/2. जुळले. बरोबर उत्तर

2/(x − 1) + 3/(x − 1)² − 1/(x + 2)

एकच किंमत जुळली म्हणून सगळे बरोबर असे मानायचे का? याचे उत्तर नेमके देता येते. तुमच्या उत्तरातल्या अपूर्णांकांची बेरीज करून वर जो अंश येईल, तो आणि प्रश्नातला अंश यांची वजाबाकी ही एक बहुपदी आहे. छेद तिसऱ्या कोटीचा असला आणि दोन्ही अंश त्याहून लहान कोटीचे असले, तर या वजाबाकीची कोटी जास्तीत जास्त दोन. अशी बहुपदी शून्य नसेल, तर ती फार तर दोन किमतींना शून्य होते. म्हणजे चुकीचे उत्तर तुम्हाला जास्तीत जास्त दोन किमतींवर फसवू शकते. तीन वेगवेगळ्या किमतींना जुळले तर तो ताळा राहत नाही, ती सिद्धताच होते.

आता आपल्या गणितात B आणि C हे x = 1 आणि x = −2 वरून आले आहेत. तो हिशेब बिनचूक असेल, तर त्या दोन किमतींना वजाबाकी आधीच शून्य आहे. तिसरी, ताजी किंमत जुळली की तीन पूर्ण झाल्या. म्हणूनच एक ताजी किंमत इतके काम करते. पण अट लक्षात ठेवा: ‘तो हिशेब बिनचूक असेल तर’. B किंवा C मध्येच गडबड असेल तर एक किंमत फसवू शकते, आणि काही किमती फसवण्यात पटाईत असतात.

याचे उदाहरण याच गणितात सापडते. शेवटची ओळ उतरवताना A आणि B ची अदलाबदल झाली समजा:

3/(x − 1) + 2/(x − 1)² − 1/(x + 2)

ताळ्यासाठी x = 2 घेतला. डावी बाजू: (4 + 14 + 1)/(8 − 6 + 2) = 19/4. उजवी बाजू: 3 + 2 − 1/4 = 19/4. तंतोतंत जुळले! कारण x = 2 ला (x − 1) ची किंमत 1 होते, आणि 1 चा वर्गही 1. मग 3 कुठल्या छेदावर आहे आणि 2 कुठल्या, हे ओळखायला काही मार्गच उरत नाही. x = 0 ला मात्र −3 + 2 − 1/2 = −3/2 येते आणि भांडे फुटते.

यातून दुसरा नियम: एखादा कंस वर्गात किंवा घनात असेल, तर त्याची किंमत 1 होईल असा x घेऊ नका. कंस −1 झाला तर वर्ग आणि पहिला घात यांच्यात निदान चिन्हाचा फरक राहतो, म्हणून इथे x = 0 चालला. घन असेल तर −1 सुद्धा अपुरा, कारण −1 चा घन पुन्हा −1 च. तेव्हा कंसाची किंमत 2 किंवा −2 येईल असा x शोधावा. आकडे थोडे मोठे होतात, पण तेवढे सोसावे. आपल्या गणितात x = −1 घेतला तर (x − 1) = −2 आणि (x + 2) = 1. डावी बाजू (1 − 7 + 1)/(−1 + 3 + 2) = −5/4. उजवी बाजू −1 + 3/4 − 1 = −5/4. मला ही किंमत शून्यापेक्षा जास्त विश्वासाची वाटते. फक्त इथे (−2)² लिहिताना −4 लिहू नका. ताळा जुळला नाही की उत्तरावर धाड टाकण्याआधी ताळ्याचेच आकडे एकदा तपासावेत. अर्धे वेळा चोर तिथेच सापडतो.

छेदात न फुटणारी वर्गपदी असते तेव्हा शून्याची लाडकी सवयच अंगावर येते. हे पाहा:

(3x² − 2x + 5) / ((x + 1)(x² + 4)) = A/(x + 1) + (Bx + C)/(x² + 4)

x = −1 वरून 10 = 5A, म्हणून A = 2. x² चे सहगुणक: 3 = A + B, म्हणून B = 1. स्थिर पदे: 5 = 4A + C, म्हणून C = −3. उत्तर 2/(x + 1) + (x − 3)/(x² + 4).

समजा B काढताना वजाबाकीऐवजी बेरीज झाली आणि B = 5 आला. x = 0 घालून ताळा केला: डावीकडे 5/4, उजवीकडे 2 − 3/4 = 5/4. जुळले, आणि जुळणारच होते. शून्य घातला की Bx नाहीसा होतो, B ची चौकशीच होत नाही. शिवाय C आपण स्थिर पदांवरून काढला, आणि स्थिर पदे जुळवणे म्हणजेच x = 0 घालणे. म्हणजे इथे शून्य ही किंमत ताजी नव्हतीच. ती वेगळ्या नावाने आधीच वापरली होती.

x = 1 घेतला तर ही चूक सापडते: डावीकडे 6/10 = 3/5, चुकलेल्या उत्तरात 1 + 2/5 = 7/5. पण x = 1 चा स्वतःचा एक आंधळा कोपरा आहे. कोणी x − 3 ऐवजी −3x + 1 लिहिले, म्हणजे B आणि C ची जागा बदलली, तर x = 1 ला दोन्हींची किंमत −2 च. शून्याला दिसत नाही ते एकाला दिसते, आणि एकाला दिसत नाही ते शून्याला. दोन्ही त्रुटी टाळायच्या तर x = 2 घ्या: डावीकडे 13/(3 × 8) = 13/24, उजवीकडे 2/3 − 1/8 = 16/24 − 3/24 = 13/24. वर्गपदी असलेल्या गणिताला मी सरळ x = 2 पासूनच सुरुवात करतो. तिथे एखादा कंस शून्य होत असेल किंवा वर्गातला कंस 1 होत असेल, तर −2 किंवा 3.

एक किंमत घालून ‘चूक आहे’ एवढे कळते. ती कुठे आहे हे कळायला अपूर्णांकांची पुन्हा बेरीज करावी लागते. हा ताळ्याचा दुसरा मार्ग. तो लांब आहे, पण चूक कुठे दडली आहे ते बोटाने दाखवतो.

बेरीज करताना पहिली अडचण लसाविची. पुष्कळ जण तिन्ही छेदांचा गुणाकार करतात: (x − 1)(x − 1)²(x + 2). मग वर एक जादा (x − 1) येतो, अंश तिसऱ्या कोटीचा होतो आणि बरोबर उत्तरही चूक वाटते. (x − 1) आणि (x − 1)² यांचा लसावि (x − 1)² च आहे, हे पाचवीच्या 3 आणि 9 च्या लसाविसारखेच. प्रत्येक स्थिरांकाला फक्त त्याच्या छेदात नसलेला भाग गुणायचा: A ला (x − 1)(x + 2), B ला (x + 2), C ला (x − 1)². या गुणकांना मी ‘सोबती’ म्हणतो.

मघाचे पहिले चुकलेले उत्तर, A = 0 वाले, घ्या. त्याची बेरीज केली की अंश येतो

3(x + 2) − (x − 1)² = −x² + 5x + 5

हवा होता x² + 7x + 1. वजाबाकी: 2x² + 2x − 4. इथे न थांबता तिचे अवयव पाडा: 2(x − 1)(x + 2). हा तर A चा सोबती, दोनदा. म्हणजे A दोनने कमी पडला आहे. B आणि C ला हात लावायची गरज नाही. A मध्ये 2 मिळवा, संपले. वजाबाकी नुसत्या (x + 2) च्या पटीत आली असती तर B चुकला, (x − 1)² च्या पटीत आली असती तर C.

गंमत म्हणजे, मांडणीतच A/(x − 1) हे पद लिहायला विसरलेल्या मुलाचीही वजाबाकी अगदी हीच येते. त्याने पद गाळले, याने शून्य काढला. कागदावर दोघांचे उत्तर एकच.

दोन स्थिरांक चुकले असतील तर वजाबाकी इतकी सरळ दिसत नाही, तरी वाचता येते. अदलाबदल झालेल्या उत्तराची बेरीज 2x² + 7x − 3 येते. हव्या असलेल्या अंशातून वजा केल्यावर उरते −x² + 4. यात x = −2 घाला: शून्य. म्हणून C बरोबर, कारण x = −2 ला फक्त त्याचाच आवाज असतो. x = 1 घाला: 3. तिथे B चा सोबती 3 आहे, म्हणून B एकने कमी: 2 च्या जागी 3 हवा. आणि x² चा सहगुणक −1 आहे, C मध्ये दोष नाही, म्हणून A एकने जास्त: 3 च्या जागी 2. गणित पुन्हा पहिल्यापासून न करता दोन्ही आकडे दुरुस्त झाले. शिवाय −x² + 4 ही बहुपदी x = 2 ला शून्य होते; मघाशी x = 2 ने का फसवले ते इथे स्वच्छ लिहिलेले आहे.

पूर्ण बेरीज नको असेल तर निदान सर्वात मोठ्या घाताचा सहगुणक तोंडी तपासा. पहिल्या गणितात x² फक्त A आणि C च्या सोबत्यांत आहे, म्हणून A + C = 1 व्हायलाच हवे. हे दोन सेकंदांचे काम आहे. अर्थात, A जर याच समीकरणावरून काढला असेल, तर त्याने ताळा करण्यात अर्थ नाही. तीच जुनी गोष्ट.

आणखी एक चूक आहे, ती आकड्यांवरून लगेच ओळखू येते. (x² + 1)/(x² − 1) मध्ये अंशाची कोटी छेदाइतकीच आहे, म्हणून आधी भागाकार करायला हवा. तो न करता थेट A/(x − 1) + B/(x + 1) मांडले तर x = 1 वरून A = 1 आणि x = −1 वरून B = −1 अगदी व्यवस्थित मिळतात, कुठे अडत नाही. ताळा करा: x = 0 ला डावीकडे −1, उजवीकडे −2. x = 2 ला डावीकडे 5/3, उजवीकडे 2/3. x = 3 ला 5/4 आणि 1/4. प्रत्येक वेळी फरक नेमका 1. दोन-तीन किमतींना फरक तोच राहिला, तर स्थिरांक बरोबर आहेत आणि भागाकारातली पूर्ण संख्या लिहायची राहिली आहे. इथे ती 1 आहे.

शेवटची खबरदारी डाव्या बाजूची. ताळ्यात डावीकडे छेद कोणता लिहायचा? प्रश्नपत्रिकेत छापलेला, आपण अवयव पाडलेला नव्हे. x³ − 3x + 2 चे अवयव कोणी घाईत (x + 1)²(x − 2) असे पाडले, तर ते वास्तविक x³ − 3x − 2 चे अवयव आहेत. फक्त शेवटचे चिन्ह वेगळे. त्या छेदावर पुढचे सगळे A, B, C नीट काढले आणि ताळ्यातही तोच छेद घेतला, तर दोन्ही बाजू जुळतील. पुन्हा बेरीज केली तरी अंश जुळेल, कारण चूक त्या सगळ्याच्या आधी झाली आहे. छापलेल्या छेदात x = 0 घातला असता तर 2 आला असता, आणि आपल्या अवयवांत −2. म्हणून किंमत घालताना बोट प्रश्नावर ठेवायचे, वहीतल्या दुसऱ्या ओळीवर नाही. बेरीज करून ताळा करणार असाल, तर कंस गुणून मूळ छेद परत येतो का, हेही त्यातच पाहून घ्यायचे.

परीक्षेत मी हे असे करायला सांगतो: A, B, C मिळाले की इंटिग्रेशनचे चिन्ह लिहिण्याआधी समासात एक ताजी किंमत घाला. जुळली तर पुढे जा. नाही जुळली तर दुसरी एक किंमत घालून बघा. दोन्ही वेळा फरक तोच आला तर भागाकार राहिला आहे. फरक बदलला तर लसावि घेऊन बेरीज करा, वजाबाकीचे अवयव पाडा आणि कोणाचा सोबती निघतो ते पाहा.

इंजिनिअरिंगला लाप्लासच्या उलट रूपांतरात हेच अपूर्णांक s मध्ये येतात. तिथे कंस झाकून स्थिरांक काढण्याची रीत सर्रास वापरतात. ती ऑलिव्हर हेव्हिसाइड यांच्या नावाने ओळखली जाते. ती झटपट आहे, पण (s − 1)² सारखा छेद असला की झाकून फक्त वर्गावरचा स्थिरांक मिळतो. एकेरी (s − 1) वरचा वेगळा काढावा लागतो. आपल्या गणितातला गप्प बसलेला A तोच. झाकण्याच्या रीतीने काढलेल्या उत्तराचा ताळा करताना संशय सर्वात आधी त्याच्यावर घ्यावा.